ठेकेदाराने वाढ आमच्याकडून घेतली, मावशींना दिलीच नाही

एका ट्रस्टच्या वरिष्ठ महाविद्यालयात मी हिशेब बघते. सफाई, सुरक्षा आणि देखभाल मिळून साठ माणसं एकाच ठेकेदाराकडून घेतलेली होती. डिसेंबर 2023 ला त्याचा ठेका संपला, बिलं चुकती झाली, नवा ठेकेदार आला. माणसं मात्र बहुतेक तीच राहिली.

फेब्रुवारीत आमच्या सफाईच्या एक मावशी मोबाइल घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. मुलीच्या लग्नासाठी पीएफमधून उचल घ्यायची होती. "मॅडम, यात किती साठलंय तेवढं बघा ना." पासबुक उघडलं. 2023 च्या प्रत्येक महिन्यापुढे पीएफचा पगार 12,000 आणि त्यांच्या पगारातली कपात 1,440. जानेवारीतही तेच आणि डिसेंबरातही तेच.

मला एकदम घाम फुटला. कारण त्याच वर्षी आम्ही किमान वेतनाच्या दोन वाढी ठेकेदाराला दिल्या होत्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. महाराष्ट्रात किमान वेतनाचे दोन भाग असतात, मूळ वेतन आणि विशेष भत्ता. मूळ वेतन काही वर्षं हलत नाही. विशेष भत्ता महागाई निर्देशांकाला बांधलेला असतो आणि 1 जानेवारी व 1 जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. कामगार खात्याचं पत्रक बरेचदा उशिरा निघतं, पण लागू मागच्या तारखेपासून होतं, म्हणजे फरक द्यावाच लागतो. आम्ही फसलो ते याच सांध्यात.

आकडे गोल करून सांगते, प्रमाण खरं आहे. सफाई कामगाराचं मूळ 10,000 आणि विशेष भत्ता 2,000. त्यावर घरभाडं 5 टक्के म्हणजे 600, पीएफचा मालकाचा वाटा प्रशासन खर्चासह 13 टक्के म्हणजे 1,560, कामगार विम्याचा म्हणजे ईएसआयचा वाटा 3.25 टक्के (तो घरभाडं धरून) 410 आणि बोनसची तरतूद 8.33 टक्क्यांनी 1,000. हे झाले 15,570. गणवेश, फिनेल, मॉप वगैरेचे 1,400 आणि ठेकेदाराचा सेवाशुल्क 1,030 धरून माणशी 18,000. वर जीएसटी 18 टक्के.

मार्च 2023 मध्ये ठेकेदाराचं पत्र आलं: विशेष भत्ता 600 ने वाढला, म्हणजे वेतन 5 टक्क्यांनी वाढलं, म्हणून दर 5 टक्क्यांनी वाढवून 18,900 करावा, जानेवारी-फेब्रुवारीचा फरकही द्यावा. सोबत सरकारी पत्रकाची प्रत, अगदी खरी. आमच्या अर्थसंकल्पात या खात्याला एकच ओळ होती, "बाह्य सेवा, मागील वर्ष अधिक 5 टक्के". मागणी त्यात बसत होती. सही झाली. सही माझीच होती, ते लपवून उपयोग नाही.

आता ही वाढ उलगडून बघा. 600 वाढले की त्यावर घरभाड्याचे 30, पीएफचे 78, ईएसआयचे 20, बोनसचे 50. एकूण 778. त्याने घेतले 900. फिनेलची किंमत विशेष भत्त्यामुळे वाढत नाही आणि त्याचा सेवाशुल्कही नाही, पण टक्केवारी सगळ्या दराला लावल्याने दोन्ही वाढले. माणशी 122 रुपये जास्त. जुलैत भत्ता आणखी 300 ने वाढला तेव्हा तीच युक्ती. 36 सफाई कामगारांचं वर्षभराचं हे जास्तीचं बिल जीएसटी धरून पाऊण लाखाच्या वर गेलं. गार्डांचं आणि इलेक्ट्रिशियनचं वेगळंच.

पण ही झाली चिल्लर. मोठी चोरी पासबुकात होती. वाढ कामगारांपर्यंत पोहोचलीच नव्हती. पहिले सहा महिने 600 प्रमाणे 3,600, पुढचे सहा महिने 900 प्रमाणे 5,400, म्हणजे माणशी 9,000 रुपये त्याने ठेवून घेतले. छत्तीस जणांचे 3,24,000. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही वाढलंय म्हणून."

दर महिन्याला बिलासोबत कागद येत नव्हते असं नाही. बँकेत पगार जमा केल्याची यादी यायची, ती एक्सेलमध्ये टाइप केलेली, बँकेचं स्टेटमेंट नव्हे. पीएफचं चलान यायचं, ते त्याच्या सगळ्या ग्राहकांचं मिळून एकच. त्यात आमची साठ माणसं कुठे आणि किती पगारावर, हे कळायला मार्ग नव्हता. आम्ही चलानाची रक्कम लाखांत बघायचो आणि फाइल बंद करायचो.

कामगार एकत्र येऊन सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात गेले आणि नोटीस आम्हालाही आली. तेव्हा लागू असलेल्या 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात कलम 21 होतं: ठेकेदाराने वेतन कमी दिलं तर मुख्य मालकाने ते द्यायचं आणि ठेकेदाराकडून वसूल करायचं. मुख्य मालक म्हणजे आम्ही. पीएफच्या फरकाचंही तेच. ठेकेदार फोन उचलेना. हातात त्याची फक्त 2 लाखांची अनामत होती. एकदा दिलेलेच पैसे आम्ही दुसऱ्यांदा दिले, आणि अर्थसंकल्पात त्यासाठी एक रुपयाही नव्हता.

त्यानंतर मी अर्थसंकल्प मांडण्याची पद्धतच बदलली. आता या खात्याच्या दोन ओळी असतात. पहिली वैधानिक, म्हणजे वेतन आणि त्यावर टक्केवारीने चढणारं सगळं. दुसरी स्थिर, सामान आणि सेवाशुल्क, तेही टक्क्यांत नव्हे तर रुपयांत आणि ठेका संपेपर्यंत गोठवलेलं. दरवाढीचं पत्र आलं की पहिल्याच ओळीला हात लावायचा. आमच्या सफाईच्या दरात विशेष भत्ता एक रुपयाने वाढला की जीएसटीसह 1 रुपया 53 पैसे लागतात. (पदवी महाविद्यालयाला या सेवांवर जीएसटीची सूट नाही, ती बारावीपर्यंतच्या शाळांना आहे.) हा गुणक टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे.

दुसरं, आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि भत्ता जानेवारी-जुलैला बदलतो. त्यामुळे एका वर्षात तीन दर येतात: एप्रिल ते जून जुना, जुलै ते डिसेंबर दुसरा, जानेवारी ते मार्च तिसरा. शेवटच्या तिमाहीचं पत्रक लांबलं तर फरकाचं बिल पुढच्या वर्षात पडतं आणि तिथे त्याची तरतूद नसते. म्हणून मार्चअखेर तीन महिन्यांचा अंदाजे फरक देणं म्हणून दाखवते. सरसकट "5 टक्के वाढ" धरली की ती उशी ठेकेदाराच्या डोक्याखाली जाते.

फरकाचं बिल आता आगाऊ कधीच देत नाही. आधी त्याने कामगारांना द्यायचं, बँकेचं स्टेटमेंट दाखवायचं, मग आम्ही भरपाई करायची. बोनसचंही तसंच, दरमहा नाही, वाटप झाल्यावर. पीएफचं विवरण फक्त आमच्या माणसांचं वेगळं मागते आणि त्यावरचा टीआरआरएन, म्हणजे त्या भरण्याचा संदर्भ क्रमांक, ईपीएफओच्या संकेतस्थळावर टाकून रक्कम भरली आहे का ते बघते. नवा ठेकेदार पहिल्या महिन्यात कुरकुरला, "मॅडम, इतकं कुणीच विचारत नाही." शिवाय दर तिमाहीला कुठल्याही पाच जणांना बोलावून त्यांच्याच मोबाइलवर पासबुक उघडायला सांगते.

गेल्या जुलैत मावशी स्वतःहून आल्या. पासबुक समोर धरलं आणि विचारलं, "यंदाची वाढ कधी दिसायची?"