फोटोवरून खोली सजवून दाखवणारं ॲप: दिवाळीपासूनचा अनुभव

आमचं घर दारव्हा तालुक्यातल्या एका गावात. समोरची बैठकीची खोली 10 बाय 14 फुटांची, वर स्लॅब, खाली 2 बाय 2 फुटांच्या टाइल्स. रंगकाम आणि थोडं फर्निचर करायचं ठरलं तेव्हा मोबाइलवरचं एआयचं ॲप घेतलं: खोलीचा फोटो टाकायचा, काय हवं ते लिहायचं, की नवे रंग, सोफा, पडदे लावलेली खोली समोर येते. ॲपचं नाव देत नाही. दोन-तीन वापरून पाहिले, सगळ्यांच्या खोडी सारख्याच निघाल्या. सगळीकडे मराठीत लिहिलेलं चालतं, फुकटात मात्र मोजकीच चित्रं मिळतात.

पहिल्या दिवशी घरातले सगळे खूश. भिंती पिस्ता रंगाच्या, तीन आसनांचा सोफा, मधोमध टीपॉय, कोपऱ्यात झाड. मायने फोन हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "अन् कूलर कोठी लावशीन बाबू?"

खिडकीतला कूलर ॲपने पुसून टाकला होता आणि तिथे पांढरा झिरझिरीत पडदा लावला होता. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो त्या मुलखात हे चालायचं नाही. बरं, नुसता कूलर परत आणून भागत नाही. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो, म्हणून आतली दमट हवा निघून जायला समोरच्या बाजूला वाट लागते. चित्रात समोरची छोटी खिडकी उंच कपाटाने झाकली होती. तसं केलं असतं तर कूलर चालू असूनही अंग चिकचिक झालं असतं. हे ॲपला कळत नाही. त्याला खिडकी म्हणजे उजेडाचा चौकोन.

त्यानंतर मी लिहिण्याची पद्धत बदलली. आधी 'खोली सुंदर कर' असं मोघम लिहायचो, आता असं लिहितो: 'फक्त डाव्या भिंतीचा रंग बदल. दोन्ही खिडक्या, कूलर, पंखा, स्विचबोर्ड, दार आणि फरशी आहे तशीच ठेव. फोटोचा कोन बदलू नको.' तरी विश्वास ठेवायचा नाही. मूळ फोटो आणि नवं चित्र गॅलरीत शेजारी ठेवून बोटाने पुढे-मागे सरकवायचं. जे हललं ते लगेच डोळ्यांत भरतं: पंख्याचं एक पातं कमी झालेलं, स्विचबोर्ड गायब, खिडकी वीतभर सरकलेली. ज्या ॲपमध्ये बोटाने भाग रंगवून 'एवढंच बदल' सांगता येतं, तिथे हा त्रास कमी होतो, पण काही ॲप तरीही सगळं चित्र नव्याने काढतात. आणि एका बदलावर दुसरा, त्यावर तिसरा असं करत जाऊ नये. प्रत्येक फेरीत भिंतीचा पोत पुसट होतो, रंग सरकतात, रेषा वाकड्या होतात. दर वेळी मूळ फोटोपासून सुरुवात केलेली बरी.

फोटोही नीट हवा. खोली मावत नाही म्हणून 0.5 झूमवर काढला की कोपरे ताणले जातात आणि खोली मोठी दिसते. मी ओसरीत उभा राहून, दारातून, 1 वर, फोन छातीच्या उंचीला सरळ धरून काढतो. थोडी भिंत सुटली तरी चालते.

आता सोफ्याचं. चित्रात सगळं इतकं ऐसपैस दिसत होतं की शंका आली, म्हणून टाइल्स मोजल्या. ही युक्ती फरशी तशीच राहिली असेल तरच चालते, त्यामुळे आधी टाइल्सच्या रेषा मूळ फोटोशी जुळवून घ्यायच्या. सोफ्याचा भिंतीलगतचा तळ अडीच टाइल्सवर बसला होता, म्हणजे 5 फूट. त्याची खोली एका टाइलची, म्हणजे 2 फूट. गाद्या मात्र तीन! दुकानात जाऊन टेप लावला तर तीन आसनांचा सोफा साडेसहा फूट लांब आणि पावणेतीन फूट खोल भरला. ॲप वस्तू मापाने ठेवत नाही, चित्रात शोभेल एवढी करून बसवतं.

मग हिशोब सोपा होता. खोलीची रुंदी 10 फूट. एका भिंतीला सोफा पावणेतीन, समोर आमचा जुना दिवाण 3 फूट. मध्ये उरले सव्वाचार. त्यात 2 फुटांचा टीपॉय ठेवला की दोन्ही बाजूंना फुटाहून जेमतेम थोडं जास्त, म्हणजे कोणी बसलेलं असलं की दुसऱ्याने आडवं होऊन जायचं. शिवाय सणावाराला याच खोलीत पंगत बसते. खात्री करायला जमिनीवर सोफ्याच्या मापाचे जुने पेपर अंथरले आणि एक दिवस तसेच ठेवले. संध्याकाळपर्यंत येता-जाता सगळ्यांनी ते तुडवले होते. सोफा रद्द झाला.

रंगाची गोष्ट वेगळी. ॲप चित्रात स्वतःचा उजेड घालतं. आमच्या खोलीची मोठी खिडकी ओसरीवर उघडते, ओसरीवर टिनपत्रे, त्यामुळे दुपारीही खोलीत सावलीच असते. चित्रात मात्र भिंतीवर सोनेरी ऊन पडलेलं. पेंटरला फोन दाखवला तर तो म्हणाला, "भाऊ, याच्यात कोनता रंग धरू? वर येगळा हाय अन् कोपऱ्यात येगळा." त्याचं बरोबर होतं. एकाच भिंतीवर उजेड-सावलीमुळे चार छटा होत्या. त्याला शेड कार्डावरचा नंबर लागतो, आणि तो चित्रातून निघत नाही.

शेवटी चित्र एवढ्यापुरतंच धरलं की हिरव्याकडे जायचं, पिवळ्याकडे नाही. कार्डावरचे तीन पिस्ता रंग निवडून, प्रायमर मारलेल्या भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन दोन हात देऊन रंगवून घेतले. सकाळी, भर दुपारी आणि रात्री ट्यूबलाइटमध्ये पाहिले. चित्राशी सगळ्यात जुळणारा रंग दुपारी मातकट, मळका वाटला. त्याच पट्टीतला दोन घरं फिकट घेतला, तो जमला.

एक तक्रार मात्र माझी ठाम आहे. मागच्या भिंतीला खालून दीड-दोन फूट ओल आहे, पुट्टी फुगून पोपडे निघतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली आहे. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिच्यामुळे अशा भेगा गावात घरोघरी दिसतात. ॲपने दोन्ही दोष गुळगुळीत करून टाकले. चित्र पाहून घरच्यांना वाटलं, रंग मारला की झालं. ओल न थांबवता रंग मारला तर तो एका पावसाळ्यातच पुन्हा सुटतो. म्हणून मी आता दोषाच्या जागी खडूने जाड गोल करून मगच फोटो काढतो. ॲप तोही गोल पुसतं, पण मूळ फोटो शेजारी ठेवला की घरच्यांना आठवण राहते. ती भिंत आम्ही सध्या रंगवलेलीच नाही.

मग पैसे वसूल झाले का? घरातला वाद मिटवण्यापुरते नक्कीच. बायकोला गडद पडदे हवे होते, मला फिकट. दोन्ही लावलेली चित्रं पाहिल्यावर मीच गडद म्हणालो. पडदे, चादरी, एका भिंतीचा रंग असे सुटे बदल ॲप छान दाखवतं. मापाचं काम निघालं की टेपच काढावा लागतो.

सोफ्याच्या जागी 2 फूट खोलीचा सागवानी बाक करायचं ठरलं, म्हणजे मध्ये 5 फूट मोकळे राहतात. सुताराला चित्राची प्रिंट दिली, तिच्यावर पेनाने मापं लिहून. त्याने ती एकदा पाहिली, उलटी केली, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर कानामागच्या पेन्सिलीने बाकाचा आराखडा काढून मलाच विचारलं, "खाली खण पायजे का गोदड्या ठेवाले?"