निवृत्तीचे पैसे पोस्टात की बँकेत? सुरक्षितता, व्याज आणि करानंतर हातात उरणारी रक्कम

दर वर्षी जून-जुलैमध्ये मी ओळखीतल्या निवृत्त मंडळींची प्राप्तिकर विवरणपत्रं भरून देतो. त्या निमित्ताने अनेकांची पासबुकं, ठेवपावत्या समोर येतात. बहुतेकांनी ठेव निवडताना फक्त व्याजाचा दर पाहिलेला असतो. बुडण्याची शक्यता, मध्येच पैसे लागले तर होणारी कपात आणि कर हे तिन्ही विचार नंतर येतात, आणि तोवर पैसे अडकलेले असतात. म्हणून इथे तीनच ठिकाणं शेजारी शेजारी ठेवतो: ज्येष्ठ नागरिक बचत योजना, पोस्टाची मासिक प्राप्ती योजना आणि बँकेची मुदत ठेव. सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत.

आधी सुरक्षितता. ज्येष्ठ नागरिक बचत योजना आणि मासिक प्राप्ती योजना या दोन्हींमागे केंद्र सरकारची हमी आहे, आणि ती पूर्ण रकमेला आहे. ज्येष्ठ नागरिक योजनेचं खातं बँकेतही उघडता येतं. तिथे बँक फक्त खिडकी असते, पैसे सरकारकडेच जातात. पोस्ट घरापासून लांब असेल तर खुशाल बँकेत उघडा, हमी कमी होत नाही.

बँकेच्या मुदत ठेवीला मात्र ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे ते एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांचं. यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आले, आणि त्या बँकेच्या सगळ्या शाखा मिळून ५ लाख. मोठ्या सरकारी बँकेत याची फार धास्ती नको. पण आपल्याकडे पाव-अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून नागरी सहकारी बँकेत आयुष्यभराची पुंजी ठेवणारे खूप आहेत. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. पुढे २०२२ मध्ये बँकेचं विलीनीकरण झालं, पण ५ लाखांवरची रक्कम टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांपर्यंत देण्याचं ठरलं. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षं म्हणजे काय, हे सांगायला नको. सहकारी बँकेत ठेवायचेच असतील तर व्याज धरून ५ लाखांच्या आत राहा. तीन वर्षांची सात टक्क्यांची संचयी ठेव असेल तर ४ लाखच ठेवा, कारण मुदतीअखेर ते ४ लाख ९२ हजारांच्या आसपास जातात. पतसंस्थेच्या ठेवींना तर हा विमा लागूच नाही. तिथे निवृत्तीचे पैसे ठेवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता व्याज. ज्येष्ठ नागरिक योजनेचा दर ८.२ टक्के आहे, मासिक प्राप्ती योजनेचा ७.४. बँकांचे दर वेगवेगळे असतात आणि २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर उतरवल्यावर ते खाली आले. तुलनेसाठी आपण ७ टक्के धरू. फरक सरळ दिसतो, पण तो झाकणारी एक गोष्ट आहे. बँकेच्या माहितीपत्रकात पाच वर्षांच्या संचयी ठेवीपुढे कधीकधी 'वार्षिक परतावा ८.३ टक्के' असं छापलेलं असतं आणि माणूस म्हणतो, हे तर पोस्टापेक्षा जास्त झालं. हिशोब करून पाहा. ७ टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने, १ लाखाचे पाच वर्षांनी १,४१,४७८ होतात. वरच्या ४१,४७८ ला पाचने भागलं की ८.३ येतात. ज्येष्ठ नागरिक योजनेत १ लाखावर पाच वर्षांत ४१,००० व्याज मिळतं, म्हणजे जवळपास तेवढंच. पण ते दर तीन महिन्यांनी हातात पडत जातं, बँकेतलं पाच वर्षांनी एकदम. व्याज लागत नसेल तर ते आलं की दुसऱ्या ठेवीत टाका, पोस्टच पुढे जाईल. फक्त ते न काढता खात्यातच पडू दिलं तर त्यावर एक रुपयाही व्याज मिळत नाही. म्हणून ते बचत खात्यात आपोआप जमा होईल अशी सोय पहिल्याच दिवशी करून घ्या.

ज्येष्ठ नागरिक योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंतच पैसे ठेवता येतात. वय ६० पूर्ण हवं. निवृत्त झालेल्यांना ५५ नंतरही चालतं, पण निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडावं लागतं. ज्या दिवशी पैसे भरता त्या दिवशीचा दर पाच वर्षं कायम राहतो.

या योजनेची खरी अडचण मध्येच पैसे लागले की कळते. खात्यातून थोडीशी रक्कम काढता येत नाही, पूर्ण खातंच बंद करावं लागतं. पहिल्या वर्षात बंद केलं तर दिलेलं सगळं व्याज मुद्दलातून परत घेतात. एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत मुद्दलाच्या दीड टक्का कापतात, दोन वर्षांनंतर एक टक्का. बँकेत दंड व्याजाच्या दरात असतो, इथे तो मुद्दलावर आहे. एका गृहस्थांनी ३० लाखांचं एकच खातं उघडलं होतं. दीड वर्षाने पत्नीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला ४ लाख लागले, ३० लाखांचं खातं मोडलं आणि ४५,००० गेले. तेच पैसे पाच-पाच लाखांच्या सहा खात्यांत असते तर एकच मोडलं असतं आणि ७,५०० गेले असते. खाती किती उघडावीत याला बंधन नाही, सगळी मिळून ३० लाखांच्या आत असली की झालं. हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही.

मासिक प्राप्ती योजना दराने कमी असली तरी ज्यांना दर महिन्याला ठराविक रक्कम लागते त्यांना सोयीची आहे. एकट्याच्या नावावर ९ लाख, संयुक्त खात्यात १५ लाख. वयाची अट नाही, त्यामुळे पत्नी अजून साठीची नसेल तरी तिच्यासोबत उघडता येतं.

एक उदाहरण मांडतो. चिंचवडच्या खासगी कंपनीतून निवृत्त झालेले साठ वर्षांचे गृहस्थ, हातात ५० लाख, भविष्य निर्वाह निधीची पेन्शन महिना ३,०००. पत्नीचं वय ५७. ज्येष्ठ नागरिक योजनेत ३० लाख ठेवले तर वर्षाला २,४६,००० व्याज. पत्नीसोबत मासिक प्राप्ती योजनेत १५ लाख ठेवले तर १,११,०००, म्हणजे महिना ९,२५०. उरलेले ५ लाख दोन बँकांत अडीच-अडीच लाख ठेवले तर सुमारे ३५,०००. सगळं त्यांच्याच नावावर धरलं तरी व्याज ३,९२,००० होतं. पेन्शनचे ३६,००० प्रमाणित वजावटीत निघून जातात. नव्या कररचनेत ४ लाखांपर्यंत करच नाही. त्यामुळे कर शून्य. ५ लाख बँकेत का, तर दवाखान्यासाठी त्याच दिवशी मोडता येणारी ठेव दुसरीकडे नाही.

आता जरा वरच्या उत्पन्नाचं उदाहरण, कारण कराची मेख तिथे आहे. या तिन्हींचं व्याज पूर्णपणे करपात्र आहे. पोस्टाचं व्याज करमुक्त असतं हा समज अजूनही घट्ट आहे, तो चुकीचा आहे. नव्या कररचनेत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. समजा निवृत्त प्राध्यापिका आहेत, पेन्शन महिना ७०,०००. वर्षाचे ८,४०,०००, त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की ७,६५,०००. ज्येष्ठ नागरिक योजनेत ३० लाख, त्याचे २,४६,०००. बेरीज १०,११,०००. बँकेत ७ टक्क्यांनी २७ लाख असतील तर आणखी १,८९,०००, आणि बरोबर १२ लाख. कर शून्य. आता त्यांनी आणखी ३ लाखांची ठेव केली. त्याचं व्याज २१,०००, उत्पन्न १२,२१,०००. अशा वेळी १२ लाखांच्या वर जितके गेले तितका कर लागतो: २१,००० आणि वर चार टक्के उपकर, एकूण २१,८४०. तीन लाख वर्षभर अडकवून ८४० रुपये पदरचे गेले. उत्पन्न साधारण १२ लाख ७० हजारांच्या पुढे जाईपर्यंत हीच गत राहते.

पैसे पतीच्या नावावर करून हे टळत नाही. जोडीदाराला भेट दिलेल्या पैशांचं व्याज देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. प्राध्यापिकाबाईंचं जुनं पीपीएफ खातं मुदतवाढ घेऊन, भरणा चालू ठेवून चालवलेलं असेल तर ते तीन लाख तिथे जावेत: दीड लाख मार्चअखेर आधी, दीड लाख ५ एप्रिलच्या आत. दर ७.१ टक्के आणि व्याज नव्या रचनेतही करमुक्त.

जुन्या कररचनेत ज्येष्ठांना ठेवींच्या व्याजावर ५०,००० ची वजावट मिळते, नव्या रचनेत ती नाही. पण निवृत्तांना बहुधा नवीच फायद्याची पडते. दोन्ही पद्धतीने एकदा बेरीज करून पाहावी.

राहिला टीडीएस. एका बँकेत किंवा पोस्टात ज्येष्ठांचं वर्षाचं व्याज १ लाखावर गेलं की १० टक्के कापले जातात. चिंचवडच्या गृहस्थांना करच नाही, तरी नुसत्या ज्येष्ठ नागरिक योजनेतून २४,६०० कापले जातील आणि विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत थांबावं लागेल. ते टाळायला एप्रिलमध्येच फॉर्म १५एच द्यायचा, आणि तो दर वर्षी, प्रत्येक बँकेत आणि पोस्टात वेगळा. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू होत असल्याने फॉर्मचा क्रमांक तेव्हा काउंटरवर विचारून घ्या. प्राध्यापिकाबाईंचं उत्पन्न १२ लाखांवर गेलं तर त्यांनी मात्र तो देऊ नये, कारण 'माझा कर शून्य आहे' असं लिहून दिलेलं ते निवेदन आहे.

संचयी ठेवीत इथेच घोळ होतो. पैसे पाच वर्षांनी मिळणार म्हणून लोक व्याजही पाचव्या वर्षी दाखवतात. बँक ते दर वर्षी जमा धरून टीडीएस कापते आणि आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात ते दर वर्षी दिसतं. तुम्ही दाखवलं नाही तर नोटीस येते. आणि पाच वर्षांचं व्याज एकाच वर्षात दाखवलं तर वर सांगितलेली १२ लाखांची रेघ त्याच वर्षी ओलांडली जाऊ शकते. म्हणून मार्च संपला की प्रत्येक बँकेकडून व्याजाचा दाखला मागून घ्या, आणि त्यातला आकडा त्याच वर्षाच्या विवरणपत्रात भरा.