पैसे वाजणारी पेटी, गर्दीची बस: पावसाळ्यापासूनचा अनुभव

साखळी–डिचोली–म्हापसा मार्गावर खाजगी बसवर कंडक्टर आहे. पावसाळ्याच्या तोंडाला शेठनं कोड घेतला आणि सोबत ती बोलणारी पेटी, म्हणजे साऊंडबॉक्स. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण स्टँडवरच्या दुसऱ्या गाड्यांवर वेगळ्या कंपन्यांच्या पेट्या आहेत आणि तक्रारी सगळ्यांच्या सारख्याच. एका वाक्यात सांगायचं तर पेटी चांगली, पण तिच्या आवाजावर डोळे मिटून विसंबू नये. आणि ती गप्प राहिली म्हणून प्रवाशाला खोटंही ठरवू नये.

आधी ती चालते कशी ते सांगतो. प्रवाशाच्या फोनचा आणि पेटीचा थेट काहीच संबंध नसतो. पैसे खात्याकडे आले की कंपनीच्या सर्व्हरवरून पेटीला निरोप येतो, आणि तो येण्यासाठी पेटीत स्वतःचं सिमकार्ड असतं. प्रवाशाचं सिम एका कंपनीचं, पेटीचं दुसऱ्या. त्यामुळे त्याच्या फोनला रेंज असते, पैसे जातात आणि पेटी मात्र मुकी. आमच्या पेटीचं हे अस्नोड्याच्या पुढे झाडीच्या पट्ट्यात हमखास होतं. पट्टा संपला की अडकलेले निरोप एकामागोमाग वाजतात, "वीस रुपये प्राप्त झाले, तीस रुपये प्राप्त झाले", आणि त्याच क्षणी स्कॅन करणाऱ्या नव्या प्रवाशाला वाटतं आपलेच गेले. काही निरोप तर वाजतच नाहीत, फक्त अ‍ॅपमध्ये दिसतात. म्हणून आता डिचोलीला चढलेल्यांचे पैसे मी मुळगाव यायच्या आत घेतो. सुट्ट्यांचं नंतर बघता येतं, कोडवाले आधी.

दुसरी अडचण गर्दीची. दुकानात गल्ल्यासमोर एक गिऱ्हाईक असतं, पेटी बोलली की ते त्याचंच. बसमध्ये एकाच वेळी चार हात फोन धरून असतात आणि निम्म्या लोकांचं भाडं सारखंच. पेटी रक्कम सांगते, नाव सांगत नाही.

एका शुक्रवारचं सांगतो. म्हापशाचा बाजार, पाय ठेवायला जागा नाही. तीस रुपयांचे दोन प्रवासी शेजारी उभे, एक मावशी आणि एक कॉलेजचा मुलगा. पेटी एकदाच बोलली. मुलानं लगेच हिरवी टिकमार्क असलेली स्क्रीन पुढे केली. मावशींच्या फोनवर चक्र फिरत होतं, त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "माझे अडकले वाटतं रे बाबा." दिसायला मुलगा खरा आणि मावशींचे पैसे बाकी. मी अ‍ॅप उघडलं. तीस रुपयांची ताजी नोंद एकच होती आणि नाव मावशींचं. पैसे पोचले होते, त्यांच्या फोनला तेवढी खबर नव्हती. मग मुलाला म्हटलं, "भाऊ, जरा खाली सरकव, तारीख बघूया." स्क्रीन खरी, कोड आमचाच, बारा आकडी नंबरही होता. पण तारीख आदल्या दिवसाची, संध्याकाळच्या परतीच्या फेरीची. तो हसला आणि रोख तीस काढून दिले. भांडण नाही, आवाज नाही.

हे जमलं ते शेठनं अ‍ॅपमध्ये माझा नंबर कर्मचारी म्हणून जोडून दिल्यामुळे. मला फक्त आलेले पैसे दिसतात, काढता येत नाहीत. ज्या गाड्यांवर कंडक्टरला हे दिलेलं नाही तिथे त्याच्या हातात आवाजाशिवाय काहीच नाही, आणि रात्री हिशेब जुळला नाही तर खिसा त्याचाच. आमच्या मार्गावर तिकीट फाडून देण्याची पद्धत तशीही ढिली, त्यामुळे कागदाचाही आधार नसतो. पेटी घेणाऱ्या प्रत्येक मालकानं पहिल्याच दिवशी करायचं काम हे. नुसत्या स्क्रीनवर जाऊ नका म्हणण्याचं आणखी एक कारण: हुबेहूब हिरवी टिकमार्क दाखवणारे नकली अ‍ॅप आहेत. त्यातून आपल्या खात्यात काही येत नाही, त्यामुळे आपल्या अ‍ॅपमध्येही काही उमटत नाही.

सकाळी गाडी सुटायच्या आधी पेटी तपासायची आता सवय झाली आहे. चालू केली, दिवा स्थिर झाला, की माझ्या फोनवरून एक रुपया पाठवतो. गळ्यातल्या कार्डावरून एकदा, दाराच्या काचेवरच्या कोडवरून एकदा. दोन्ही वेळा पेटी बोलली पाहिजे. काचेवरचा कोड वेगळा तपासायचा कारण त्यावर कुणी दुसऱ्या खात्याचं स्टिकर चिकटवलं तर वरून फरक कळत नाही. मग प्रवाशाचे पैसे खरेच कटतात, त्याची स्क्रीनही खरी, फक्त पैसे आपले नसतात. ओळखायची खूण म्हणजे पिन टाकण्याआधी फोनवर येणारं नाव. ते शेठचं नसेल तर तिथेच थांबायचं. एकाच दारातून चढलेल्या तीन-चार जणांचे पैसे लागोपाठ वाजले नाहीत आणि गळ्यातल्या कार्डावरचे मात्र वाजत असतील, तर रेंजला दोष देण्याआधी काच बघा.

पेटी ठेवायची कुठे, हाही प्रश्न. बसवणाऱ्या माणसानं ती ड्रायव्हरच्या मागच्या दांडीला बांधली होती. इंजिन, हॉर्न आणि ड्रायव्हरची गाणी यांत मागच्या दाराशी उभं राहून काय ऐकू येणार! आता ती माझ्या पैशांच्या बॅगेत असते. पोटातून आवाज आला की नवखी माणसं दचकून बघतात, पण ऐकू येतं. पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली तर आवाज बसतो, म्हणून स्पीकरची जाळी उघडी राहील अशी गुंडाळायची. बॅटरी दिवसभर पुरते म्हणतात. माझा अनुभव असा की रेंज शोधत राहिली की लवकर उतरते, दुपारच्या थांब्यावर थोडी चार्ज करावीच लागते.

राहिला तो प्रकार, पैसे कटले पण पेटीतही नाहीत आणि अ‍ॅपमध्येही नाहीत. असा प्रवासी खोटा नसतो. मी त्याचा बारा आकडी नंबर वहीत लिहून घेतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे व्यापाऱ्याला दिलेले असे अडकलेले पैसे व्यवहारानंतर 5 दिवसांत आपोआप परत यायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाईही आहे. रोजचा माणूस असेल तर "उद्या दे" म्हणतो. अनोळखी असेल तर रोख मागतो आणि हा नियम समजावतो, बहुतेक ऐकतात.

खर्चाचं म्हणाल तर बँक खात्यातून आलेल्या युपीआय पैशांवर जानेवारी 2020 पासून व्यापाऱ्याला शुल्क नाही. पण पेटीचं मासिक भाडं वेगळं आणि ते गाडी गॅरेजमध्ये पडली तरी कापलं जातं. एकच गाडी असलेल्या मालकानं घेण्याआधी हे विचारून घ्यावं. आमच्या पेटीवर शेवटची रक्कम पुन्हा ऐकवणारं बटण आहे, पण ते फक्त एकच मागचं सांगतं. शेवटच्या पाच रकमा वेळेसकट ऐकवल्या असत्या तर गर्दीत फोन काढायची गरजच पडली नसती. त्यासाठी एक तारा कापतो. दुसरा भाड्यासाठी. पाचपैकी तीन.