समच्छेद करायचा की अर्ध्याशी ताडून बघायचं?

३/७, ५/८ आणि ४/९ चढत्या क्रमाने लावायचे आहेत. समच्छेदाच्या रीतीने ७, ८, ९ यांचा लसावि ५०४ येतो आणि अपूर्णांक होतात २१६/५०४, ३१५/५०४, २२४/५०४. क्रम लागला: ३/७, ४/९, ५/८. रीत कधीच दगा देत नाही, पण चौथी-पाचवीच्या मुलाला हे गुणाकार जड जातात. बरीच मुलं छेद बदलतात आणि अंश तसाच ठेवतात. मग ३/७ चं ३/५०४ होतं, आणि ते जवळजवळ शून्य झालंय हे लक्षातही येत नाही.

अर्ध्याशी ताडताना फक्त छेदाची निमपट काढायची. ८ ची निमपट ४, अंश ५, म्हणजे ५/८ अर्ध्याहून मोठा, तो शेवटी. ७ ची साडेतीन आणि ९ ची साडेचार, म्हणून उरलेले दोन्ही अर्ध्याहून लहान. इथे मात्र ही युक्ती थांबते; दोघांत मोठा कोण, ते ती सांगत नाही.

आता तेवढ्याच दोघांचा समच्छेद करा: २७/६३ आणि २८/६३. ५०४ च्या वाटेला जावंच लागलं नाही. म्हणून मी आधी अर्ध्याने गट पाडायला लावते आणि समच्छेद एकाच गटात अडकलेल्यांपुरता ठेवते.