वजनकाटा की यादी? ठिबकचं पार्सल बंद करण्याआधी

जळगावातून ठिबकचे सुटे भाग पार्सलने पाठवायचे, तर खोक्याला टेप लावण्याआधी माल कसा तपासायचा? काट्यावर वजन करून, की यादी घेऊन दुसऱ्या माणसाकडून? आम्ही दोन्ही करून पाहिलं आहे.

आमचा नेहमीचा किट म्हणजे 16 एमएम नळीसाठी 100 ड्रिपर, 50 टेक-ऑफ, 50 ग्रोमेट, 50 एंड कॅप आणि एक जाळीचा फिल्टर. काटा यातला कमी पडलेला नग पकडतो, पण सगळं एकदम ठेवलं तर नाही. आमचा ड्रिपर साधारण 3 ग्रॅमचा आहे. 100 ड्रिपरचं वजन 300 ग्रॅम भरतं आणि नगानगातल्या फरकाने तेच कधी 297, तर कधी 303 येतं. म्हणजे एक ड्रिपर कमी पडला तरी कळत नाही. तेच 25-25 च्या पुड्या केल्या की फरक एखाद्या ग्रॅमवर येतो आणि कमी पडलेला नग लगेच दिसतो. त्यासाठी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवा आणि वजन खोक्यात भरण्याआधी करायला हवं. पुठ्ठ्याचे दोन खोकेसुद्धा सारख्या वजनाचे नसतात, पावसाळ्यात तर ते ओल धरतात.

चुकीचा प्रकार मात्र काट्याला कळत नाही. 4 लिटरचा आणि 8 लिटरचा ड्रिपर वजनाने जवळपास सारखाच. बारकोडवरही पूर्ण भिस्त ठेवू नये. गोणीतून पुडी भरतानाच गल्लत झाली असेल, तर स्कॅनर लेबल वाचून बरोबरच म्हणणार. यावलकडच्या एका केळीवाल्या दादांना आमच्याकडून एकदा 12 एमएमच्या एंड कॅप गेल्या, त्याही 16 एमएमचं लेबल असलेल्या पुडीतून. मृग बागेची लागवड तोंडावर होती आणि त्यांच्या नळ्यांची टोकं उघडीच राहिली. तेव्हापासून टेबलावर 16 एमएम नळीचा वीतभर तुकडा बांधलेला आहे. प्रत्येक पुडीतला एक नग त्यावर बसवून पाहायचा.

तुटफुटही हातालाच कळते. फिल्टरचं झाकण पूर्ण आवळून परत उघडायचं. आट्यांपाशी बारीक चीर असेल तर आवळताना ती उघडी पडते, आणि रबरी रिंग जागेवर आहे की नाही तेही तेव्हाच दिसतं. नुसतं वरून पाहून यातलं काही कळत नाही.

यादीचा दोष एकच, कंटाळा. ज्याने माल भरला त्यानेच तपासला, तर तो डोळ्यांनी नाही, आठवणीने टिक करतो. म्हणून तपासणारा वेगळा हवा आणि नग त्याने पुडीवर वाचून नव्हे, हातात घेऊन पाहायला हवा.

दिवसाला दहा-पंधरा पार्सलं जात असतील, तर माझ्या मते यादी आणि नळीचा तुकडा पुरे. पुड्या आधीच भरून ठेवण्याइतकी मागणी वाढली की काटा घ्या, पण तो पुड्या भरण्याच्या जागी ठेवा. शेवटच्या टेबलावर माणूसच असू द्या.