फुकटच्या कामाचे चार हजार

फोटो उडाले म्हणून मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात निघाला असाल, तर आधी हे वाचा. माझ्या मावशीला एका दुकानदाराने ज्या कामाचे चार हजार सांगितले, ते काम तिच्याच फोनमध्ये फुकट होत होतं.

मामांच्या साठीशांतीचे फोटो मावशीनेच काढले होते, सॅमसंगच्या फोनवर. पुढे ‘स्टोरेज भरलं’ असं सारखं यायला लागलं, म्हणून तिने गॅलरीतले जुने व्हिडिओ एकगठ्ठा निवडून पुसले. त्यात साठीशांतीचे फोटोही गेले. हे तिच्या लक्षात आलं मामींनी अल्बमसाठी फोटो मागितले तेव्हा. मधे तीनेक आठवडे उलटून गेले होते.

दुकानदाराने फोन घेतला, पिन विचारून घेतला आणि म्हणाला, “काकू, डीप स्कॅन मारावा लागेल. चार हजार होतील, दीड आत्ता द्या.” दुसऱ्या दिवशी त्याने चाळीसेक फोटो परत आलेले दाखवले. मावशीला केवढा आनंद! मग खरी मेख आली. उरलेले फोटो म्हणे ‘दुसऱ्या लेअरमध्ये’ आहेत, त्याचं सॉफ्टवेअर मागवलंय, आठ-दहा दिवसांनी बाकीचे अडीच हजार घेऊन या.

फोन माझ्या हातात आला तेव्हा मला पहिला संशय आला तो परत आलेल्या फोटोंवरून. ते कॅमेऱ्याच्या अल्बममध्ये आपापल्या मूळ तारखेला, जागच्या जागी बसले होते. आकारही पूर्ण, झूम केलं तर मामांच्या उपरण्याची जर दिसत होती. खरंच कुठून तरी खणून काढलेले फोटो असे नसतात. रिकव्हरीची ॲप्स जे ‘सापडलं’ म्हणून दाखवतात, त्या बहुतेक वेळा गॅलरीने साठवून ठेवलेल्या लहान, धूसर प्रती असतात. नावं भलतीच, तारखा आजच्या.

गॅलरी उघडून खालच्या तीन रेघांवर बोट ठेवलं आणि ट्रॅश उघडलं (काही फोनवर त्याला रिसायकल बिन म्हणतात). उरलेले सगळे फोटो तिथेच पडलेले. सॅमसंगच्या गॅलरीत पुसलेला फोटो ३० दिवस इथे थांबतो आणि किती दिवस उरलेत ते प्रत्येक फोटोवर लिहिलेलं असतं. मावशीच्या फोटोंवर ६ दिवस होते. म्हणजे दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे ती आठ-दहा दिवस थांबली असती, तर फोटो आपोआप कायमचे गेले असते. ते चाळीसेक फोटो त्याने इथूनच परत आणले असणार, म्हणजे हा आकडा त्याच्या डोळ्यांसमोरच होता. एका फोटोवर बोट दाबून धरलं, ‘सगळे निवडा’ केलं, रिस्टोअर दाबलं. संपलं काम.

ही मुदत उलटून गेल्यावर दुकानदार काही करू शकतो का? फोनच्या आतल्या मेमरीत असलेल्या फोटोंसाठी जवळजवळ नाहीच. हल्लीच्या अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये फाइल कुलूपबंद स्वरूपात साठवलेली असते. ती पुसली की तिची किल्लीही जाते आणि उरलेल्या कचऱ्यातून चित्र जुळत नाही. म्हणजे फोटो ट्रॅशमध्ये असेल तर काम फुकटचं आणि तिथून गेला असेल तर अशक्य. दुकानात विकण्यासारखं मधलं काही नाही. एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. फोटो साध्या मेमरी कार्डावर साठवले असतील, तर ते कार्ड लगेच काढून ठेवा, त्यावर नवीन काही साठवू नका. त्यातून फोटो खरंच मिळू शकतात.

“सॉफ्टवेअर मारावं लागेल” असं कोणी म्हटलं तर फोन तसाच परत घ्या. फोन रिसेट झाला की ट्रॅशही त्यासोबत साफ. जागा करायला ट्रॅश रिकामं करण्याचा मोहही तेवढाच घातक; त्यातले फोटो जागा अडवतात हे खरं, पण आधी आत काय आहे ते बघा.

गूगल फोटोजचं बिन मात्र वेगळं असतं. बॅकअप झालेला फोटो त्यात ६० दिवस राहतो, न झालेला ३०. म्हणून दोन्ही ठिकाणी शोधा. आयफोनवर फोटोजमध्येच ‘रिसेंटली डिलीटेड’ नावाचा अल्बम असतो, मुदत ३० दिवसांची. तो फेस आयडी किंवा पासकोड मागतो, त्यामुळे तो रिकामा आहे असं समजू नका.

मी दुकानात गेलो. “आम्ही मेहनत केली,” एवढंच उत्तर. पावती दिलेली नव्हती, पण मावशीने पैसे यूपीआयने दिले होते, तोच पुरावा. त्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. दुकानदाराला दिलेला पिन मात्र त्याच संध्याकाळी बदलला.