ताबा रखडलाय: महारेरा की ग्राहक आयोग?

कळंब्यात फ्लॅट घेतलेल्या माझ्या मित्राला बिल्डरकडून दोन गोष्टी वसूल करायच्या होत्या: राजारामपुरीत भरत असलेलं घरभाडं आणि बिल्डरला दिलेल्या हप्त्यांवरचं व्याज. दोन्ही एकाच ठिकाणी पूर्ण मिळतील असं त्याला वाटत होतं. तसं क्वचितच होतं.

फ्लॅट हवाच असेल तर महारेरात, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणात, रेरा कायद्याचं कलम १८ लागतं. करारातली ताब्याची तारीख उलटली की ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज बिल्डरने द्यायचं. तारीख नोंदणीकृत करारातली धरतात, बिल्डरने महारेराकडून नंतर वाढवून घेतलेली नाही. दरही ठरलेला आहे: स्टेट बँकेचा सर्वांत जास्त एमसीएलआर, म्हणजे बँकेचा कर्जासाठीचा आधार दर, अधिक २ टक्के. इथे भाड्याच्या पावत्यांची गरजच पडत नाही.

मित्राने त्या तारखेआधीच ३० लाख भरले होते. हिशोबापुरते १० टक्के धरले तर महिन्याला २५ हजार व्याज झालं. भाडं होतं ९ हजार. अठरा महिन्यांत व्याज साडेचार लाख आणि भाडं १ लाख ६२ हजार. म्हणजे त्याला महारेराच बरं. पण त्याने ६ लाखच भरले असते, तर व्याज महिन्याला जेमतेम ५ हजार निघालं असतं आणि भाडंच मोठं ठरलं असतं.

अशा वेळी ग्राहक आयोगाचा विचार करावा. फ्लॅटपोटी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर कोल्हापूरच्या जिल्हा आयोगातच तक्रार करता येते. तिथे भाडं, मनस्ताप, तक्रारीचा खर्च असं सगळं मागता येतं, पण व्याजाचा दर आयोगाच्या मनावर. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका प्रकरणात ६ टक्केच दिला होता. भाडंही सिद्ध करावं लागतं. मित्राकडे होती घरमालकाची वही: दर महिन्याला '९०००, रोख' आणि पुढे एक वेडीवाकडी सही. भाडेकरार नाही, बँकेत नोंद नाही. अशा वहीवर बिल्डरचा वकील तुटून पडणारच.

व्याज नुकसानभरपाई म्हणूनच दिलं, तर वर आणखी भरपाई देणं योग्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलंय. गृहकर्जावर बँकेला भरलेलं व्याज वेगळं मागण्याचीही फारशी आशा नको. २०२५ मध्ये पैसे परतीच्या एका प्रकरणात ते नाकारलं गेलं.

वसुली दोन्हीकडे रेंगाळते. महारेराचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि महसुली थकबाकीसारखी वसुली होते. तहसीलला आपणच खेटे घालायचे. ग्राहक आयोगाचा आदेश न पाळणाऱ्याला मात्र तुरुंगवासही होऊ शकतो, त्यामुळे तिथे बिल्डर जरा लवकर हलतो.

मित्राला शेवटी चावी मिळाली, ती 'फर्निचरचं काम सुरू करा' म्हणून. इमारत राहण्यायोग्य असल्याच्या भोगवटा प्रमाणपत्राचा पत्ता नव्हता. सोबतच्या छापील कागदावर ओळ होती: 'ताब्याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही.' ती खोडून, 'विलंबाच्या व्याजाचा हक्क राखून' असं लिहूनच त्याने सही केली.